‘फाइल पडताळून अपलोड करावी’

पुढच्या चार ओळी एका पेरोल सॉफ्टवेअरच्या इंजिनिअरने कार्यालयासाठी लिहिल्या होत्या. महिन्याच्या शेवटी कर्मचाऱ्यांचा पगार बँकेतून एकगठ्ठा पाठवायचा, त्याची ही कार्यपद्धती:

१. पेरोल मॉड्यूलमधून बँकेची फाइल सीएसव्ही फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करावी.
२. फाइल पडताळून पोर्टलवर अपलोड करावी. खाते क्रमांकाचे फील्ड टेक्स्ट असणे आवश्यक.
३. टाइमआउट झाल्यास पुन्हा प्रयत्न करावा.
४. चेकरचे ऑथरायझेशन झाल्यावर स्टेटस रिकन्साइल करावे.

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. लिहिणाऱ्याला काम पुरतं ठाऊक आहे आणि तो स्वतः बसला तर दहा मिनिटांत पगार पाठवून मोकळा होईल. पण हा कागद आस्थापना विभागातल्या लिपिकाच्या हातात पडला, की पहिल्या ओळीनंतर काम अडतं. त्याहून वाईट म्हणजे, काही वेळा ते अडत नाही, पुढे सरकतं आणि चुकीच्या दिशेने सरकतं. असे कागद कार्यालयातल्या माणसाला वापरता येतील असे करून देणं हे माझं काम आहे. ते कसं होतं हे सांगायला पगाराच्या फाइलइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण यात एक आकडा चुकला तर कोणाचा तरी पगार भलत्याच्या खात्यात जातो.

असा कागद हातात आला की पहिली ऊर्मी असते ती भाषा सोपी करायची. ‘एक्स्पोर्ट’ऐवजी ‘बाहेर काढा’, ‘रिकन्साइल’ऐवजी ‘ताळा करा’. त्याने फारसं काही साधत नाही. लिपिक मंडळींना एक्स्पोर्ट, अपलोड, चेकर हे शब्द रोजचे आहेत; त्यांना अडतं ते शब्दापाशी नाही. ‘पडताळून’ म्हणजे नेमकं काय बघायचं, कुठे बघायचं आणि ते बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं, हे कागदात कुठेच नाही. इंजिनिअरच्या डोक्यात ते इतकं मुरलेलं असतं की आपण ते लिहिलेलं नाही, हेच त्याच्या लक्षात येत नाही. कागद कितीही वेळा वाचला तरी ही जागा वाचून सापडत नाही. ती सापडते काम करणाऱ्याच्या शेजारी बसल्यावर.

ही रीत जुनी आणि कसाला लागलेली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये क्लेटन लुईस या संशोधकाने ती सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी रुळवली. माणसाला काम द्यायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करायला सांगायचं आणि आपण गप्प बसून लिहून घ्यायचं. गप्प बसणं यात सगळ्यात अवघड. समोरचा चुकीच्या बटणाकडे जातो तेव्हा तोंडून ‘अहो, ते नाही’ निघायला टपलेलं असतं. ते गिळावं लागतं, कारण महिनाअखेरीला तिथे आपण नसणार, कागदच असणार.

पगाराच्या फाइलचा कागद घेऊन आस्थापनेतल्या एका ताईंच्या शेजारी असंच बसायचं ठरलं. खरा पगार नाही, सरावाची फाइल. पहिली ओळ सहज पार पडली. फाइल डेस्कटॉपवर आली. दुसरी ओळ त्यांनी मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, ‘पडताळायची म्हणजे उघडून बघायला पाहिजे.’ त्यांनी फाइलवर डबल क्लिक केलं. कार्यालयातल्या बहुतेक संगणकांवर सीएसव्ही फाइल डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडते, तशी उघडली. खाते क्रमांकाच्या रकान्यात काही ठिकाणी नीट आकडे होते आणि काही ठिकाणी हे:

```
1.23E+15
```

‘हे काय झालं?’ त्यांनी पुन्हा कागद पाहिला. ‘फील्ड टेक्स्ट असणे आवश्यक.’ एक्सेलमध्ये रकाना टेक्स्ट करायची सोय त्यांना माहीत होती. रकाना निवडून त्यांनी तो टेक्स्ट केला. आकडे काही सुधारले नाहीत. मग त्यांनी अनुभवाने मार्ग काढला: रकान्याला Number हा प्रकार दिला, दशांश स्थळं शून्य केली आणि रकाना रुंद केला. आता सगळे क्रमांक स्वच्छ, पूर्ण दिसू लागले. समाधानाने त्यांनी फाइल बंद केली, एक्सेलने विचारलं तेव्हा Save दाबलं आणि म्हणाल्या, ‘झालं, आता अपलोड.’

त्या घटकेला फाइल खराब झाली होती आणि पडद्यावर त्याची कसलीही खूण नव्हती. कशी, ते पाहू. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ आकडेच धरून ठेवतं. त्यापुढच्या आकड्यांच्या जागी शून्य बसतं. वस्तूंच्या किमती किंवा पगाराच्या रकमा इतक्या मोठ्या कधी नसतात, त्यामुळे हे कोणाला जाणवत नाही. पण आपल्याकडे काही बँकांचे खाते क्रमांक १६ आकडी आहेत. मूळ फाइलमधला क्रमांक आणि जतन केल्यावरचा क्रमांक शेजारी ठेवून बघा (क्रमांक अर्थातच काल्पनिक आहे):

```
1234567890123456
1234567890123450
```

शेवटच्या सहाचं शून्य झालं. दुसरी एक गंमत अशी, की खाते क्रमांकाची सुरुवात शून्याने होत असेल तर एक्सेल तो शून्य गाळून टाकतं, कारण संख्येच्या दृष्टीने पुढच्या शून्याला किंमत नाही. बारा आकडी क्रमांक अकरा आकडी होऊन बसतो.

आणि ‘फील्ड टेक्स्ट असणे आवश्यक’ या सूचनेचं काय? ती तर त्यांनी पाळली होती. पण डबल क्लिकने फाइल उघडली त्याच क्षणी एक्सेलने त्या मजकुराची संख्या करून टाकली होती आणि सोळावा आकडा तेव्हाच गेला होता. नंतर रकाना टेक्स्ट केल्याने गेलेला आकडा परत येत नाही. मुळात सीएसव्ही फाइलमध्ये फील्डचा प्रकार नावाची गोष्टच नसते. तिथे साध्या अक्षरांच्या ओळी आणि मधे स्वल्पविराम, एवढंच असतं. इंजिनिअरला म्हणायचं होतं, ‘एक्सेलला हे संख्या समजू देऊ नका.’ त्याने लिहिलं ते असं, की वाचणाऱ्याने सूचना पाळायला एक्सेलच उघडावं. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत हे आपोआप होणारं रूपांतर थांबवायची सोय आली आहे, पण कार्यालयात प्रत्येक टेबलावर तीच आवृत्ती असेल याची खात्री कोण देणार?

हा आकडा बदलण्याचं गांभीर्यही कागदावर यायला हवं होतं. एनईएफटीने पैसे पाठवताना रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. तो बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. फाइलमधलं नाव बरोबर आहे म्हणून चुकीचा क्रमांक आपोआप दुरुस्त होत नाही. बिघडलेल्या क्रमांकाचं खातं अस्तित्वात नसेल तर पैसे परत येतात, एक-दोन दिवस मनस्ताप होतो. असेल तर ते एखाद्या अनोळखी माणसाच्या खात्यात जमा होतात आणि पुढची वसुली म्हणजे अर्ज, पत्रव्यवहार आणि त्या माणसाच्या चांगुलपणावर भिस्त.

एवढं कळल्यावर मी इंजिनिअरकडे गेले. अशा भेटीत ‘हे समजत नाही’ असं सांगून उपयोग होत नाही. तो तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात समजावून सांगतो. मी ओळीगणिक तीन प्रश्न नेते. हे कशासाठी करायचं? झालं हे पडद्यावर कशावरून कळेल? नाही झालं तर काय करायचं? ‘पडताळून’साठी पहिला प्रश्न विचारला तेव्हा तो थोडा थांबून म्हणाला, ‘म्हणजे किती माणसांचा पगार आहे आणि एकूण रक्कम किती, हे पगारपत्रकाशी जुळलं पाहिजे.’ मग त्यासाठी फाइल उघडायची गरज आहे का? नव्हती. माणसांची संख्या आणि एकूण रक्कम पेरोलच्या अहवालात छापून येत होती. आणि अपलोड झाल्यावर, मंजुरीला पाठवण्याआधी, बँकेचं पोर्टल तेच दोन आकडे दाखवत होतं. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की झाली पडताळणी.

पण इथेच एक खाच आहे आणि ती इंजिनिअरच्याही ध्यानात नव्हती. वरच्या प्रसंगात बिघडलेली फाइलसुद्धा या पडताळणीतून बिनबोभाट पार झाली असती. माणसं तितकीच, रक्कम तितकीच. बदलला तो फक्त खाते क्रमांक. म्हणजे बेरीज जुळणं हा फाइल शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी निराळी तपासणी हवी आणि ती माणसाला झेपेल इतकी लहान हवी. दीडशे खाते क्रमांक दर महिन्याला डोळ्यांनी तपासा असं लिहिलं तर दुसऱ्या महिन्यापासून कोणी तपासणार नाही, नुसती सही होईल. चर्चेअंती ठरलं ते असं: फाइल बघायचीच असेल तर Notepad मध्ये बघायची, कारण Notepad आकड्यांची संख्या करत नाही, आहे तसं दाखवतं. आणि क्रमांक तपासायचे ते फक्त या महिन्यात नव्याने रुजू झालेल्या किंवा खातं बदललेल्या लोकांचे, त्यांनी दिलेल्या रद्द केलेल्या चेकशी ताडून. बाकीच्यांचे क्रमांक गेल्या महिन्यात बरोबर गेलेले असतात आणि पेरोलमध्ये त्यांना कोणी हात लावलेला नसतो. राहता राहिला फाइल खराब होण्याचा धोका, तो ती एक्सेलमध्ये न उघडण्याने टळतो.

दुसऱ्या ओळीचं रूप शेवटी असं झालं:

‘ही फाइल एक्सेलमध्ये उघडू नका; तिच्यावर डबल क्लिक करू नका. एक्सेलमध्ये जतन झाली तर लांब खाते क्रमांकांचे शेवटचे आकडे बदलतात आणि पगार दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो.

या महिन्यात कोणी नवीन रुजू झालं असेल किंवा कोणाचं खातं बदललं असेल तर फाइलवर राइट क्लिक करा, Open with आणि मग Notepad निवडा. त्या व्यक्तीचं नाव शोधा. खाते क्रमांक आणि आयएफएससी रद्द केलेल्या चेकवरून वाचून ताडा. चूक दिसली तर इथे दुरुस्त करू नका. Notepad बंद करा, पेरोलमध्ये दुरुस्ती करा आणि फाइल नव्याने काढा.

Notepad मध्ये एखाद्या खाते क्रमांकाच्या जागी E+ असं दिसलं, तर ही फाइल आधी कोणीतरी एक्सेलमध्ये जतन केली आहे. ती टाकून द्या आणि नव्याने काढा.’

मूळ एका ओळीचे तीन परिच्छेद झाले. सोपं करणं म्हणजे थोडक्यात करणं, असा पुष्कळांचा समज असतो. मूळ कागद थोडक्यातच होता. ज्याला काम येतं त्याला आठवण द्यायला तो पुरेसा होता, ज्याला करायचं आहे त्याला अपुरा.

या मजकुरात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. धोक्याची सूचना कृतीच्या आधी आहे. विमान दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात सोप्या इंग्रजीचे नियम बांधले; त्यात हा नियम आहे, आणि कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या वर जाऊ नये असाही आहे. शब्दसंख्येचा नियम इंग्रजीसाठी बेतलेला आहे, मराठीत तो जसाच्या तसा मोजत बसण्यात अर्थ नाही. पण सूचना आधी, कृती मागून, हा क्रम कोणत्याही भाषेत पाळायलाच हवा. लोक ओळ वाचतात, करतात, मग पुढची ओळ वाचतात. ‘डबल क्लिक करू नका’ हे तिसऱ्या ओळीत आलं तर तोवर डबल क्लिक झालेलं असतं. सूचनेला कारणही जोडलं आहे. ‘एक्सेलमध्ये उघडू नका’ एवढंच लिहिलं असतं, तर कधीतरी घाईत कोणी म्हणालं असतं, ‘उघडून नुसतं बघितलं तर काय होतंय?’ कारण माहीत असलं की माणूस कागदात न लिहिलेल्या प्रसंगातही बरोबर वागतो. आणि पडद्यावरची नावं, Open with, Notepad, जशी दिसतात तशीच ठेवली आहेत. ‘यासह उघडा’ असं भाषांतर करून लिहिलं तर वाचणारा इंग्रजी पडद्यावर ते शब्द शोधत बसेल.

‘टाइमआउट झाल्यास पुन्हा प्रयत्न करावा’ ही तिसरी ओळ वरवर सगळ्यात निरुपद्रवी दिसते. माझ्या मते संपूर्ण कागदात तीच सगळ्यात घातक होती. टाइमआउट म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. फाइल बँकेला पोचलीच नाही असं त्याचा अर्थ होत नाही. ती पोचलेली असू शकते आणि फक्त ‘पोचली’ हा निरोप वाटेत अडकलेला असू शकतो. अशा वेळी पुन्हा अपलोड केलं आणि चेकरच्या टेबलावर दोन्ही फाइली मंजुरीला आल्या, तर वर्दळीच्या दिवशी दोन्ही मंजूर होऊन पगार दोनदा जाऊ शकतो. तीच फाइल दुसऱ्यांदा आली तर काही पोर्टल अडवतात, काही अडवत नाहीत. इंजिनिअरला हे ठाऊक होतं. तो पुन्हा प्रयत्न करण्याआधी स्टेटस बघतोच. कागदात मात्र ते लिहिलेलं नव्हतं. आता तिथे असं आहे: ‘पडदा अडकला किंवा संदेश आला नाही तर पुन्हा अपलोड करू नका. पोर्टलमधून बाहेर पडा, पुन्हा लॉग इन करा आणि आजच्या अपलोड झालेल्या फाइलींची यादी उघडा. यादीत तुमची फाइल असेल तर ती पोचली आहे. पुढची पायरी करा. नसेल तर अर्ध्या तासाने यादी पुन्हा बघा. तेव्हाही नसेल तरच अपलोड करा, आणि चेकरला फोन करून सांगा की आज एकच फाइल मंजूर करायची आहे.’ अर्धा तास हा आकडा इंजिनिअरने बँकेला विचारून दिला. तो माझ्या अंदाजाने घालता आला नसता.

आयबीएमच्याच वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल यांनी त्या दशकात संगणक शिकणाऱ्या कार्यालयीन लोकांचा अभ्यास केला. लोक पुस्तिका पहिल्यापासून वाचत नाहीत, थेट कामाला हात घालतात, चुकतात आणि चुकल्यावर बाहेर कसं पडायचं ते त्यांना कुठेच सापडत नाही, असं त्यांना दिसलं. त्यावरून त्यांनी ज्या पुस्तिका तयार केल्या त्यांत बराच मजकूर काढून टाकला आणि चूक ओळखण्या-सुधारण्याला मात्र जागा दिली. पगाराच्या कागदातही तेच झालं. ‘पेरोल मॉड्यूलची रचना’ असा मूळचा एक पानभर मजकूर होता, तो सरळ काढला. इंजिनिअरला वाईट वाटलं, ते साहजिक होतं, कारण सॉफ्टवेअर त्याने स्वतः बांधलं होतं. तो मजकूर त्याच्या सहकाऱ्यांसाठी निराळ्या फाइलीत ठेवला.

चौथ्या ओळीला फार वेळ लागला नाही. ‘स्टेटस रिकन्साइल करावे’ म्हणजे दुसऱ्या दिवशी पोर्टलवरून निकालाचा अहवाल काढायचा, परत आलेल्या नोंदी बघायच्या, प्रत्येकीचं कारण पेरोलमध्ये दुरुस्त करायचं आणि फक्त तेवढ्याच माणसांची नवी फाइल करायची. ‘फक्त तेवढ्याच’ हे शब्द ठळक केले.

नव्या कागदाची तपासणी दोन माणसांकडून झाली आणि दोन्ही लागतात. एक इंजिनिअर. सोपं करताना माझ्याकडून काही चुकीचं झालं का, हे तोच सांगू शकतो. त्याने एक जागा पकडली: आयएफएससीतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नाही, ते ताडताना सांगायला हवं. ते घातलं. दुसरा माणूस लेखा शाखेतला, ज्याने आधीचा कागद पाहिलाच नव्हता. पहिल्या ताईंना आता सगळं ठाऊक झालेलं असल्यामुळे त्यांच्याकडून कागदाची परीक्षा होणार नव्हती. हा माणूस एकाच ठिकाणी अडला. ‘पेरोलच्या अहवालातली एकूण रक्कम’ असं लिहिलं होतं आणि अहवालात दोन एकूण रकमा होत्या, एक कपातीआधीची आणि एक हाती येणाऱ्या पगाराची. ‘शेवटच्या ओळीतली, Net Pay खालची’ असं केल्यावर तो पुढे गेला.

तरीही यातला एक भाग कागदाने सुटणारा नाही. डबल क्लिक करू नका असं लिहिलं तरी सवयीचा हात कधीतरी फाइलवर जाणारच. म्हणून इंजिनिअरला सुचवलं, की पेरोलनेच फाइल अशा नावाने काढावी जी डबल क्लिकने Notepad मध्ये उघडेल. बँकेचं पोर्टल .txt फाइलही स्वीकारत होतं. त्याने एका संध्याकाळी तो बदल केला आणि कागदावरची धोक्याची पहिली दोन वाक्यं काढून टाकता आली. त्याच वेळी पानाच्या तळाशी एक ओळ वाढली: कागद कोणत्या तारखेचा, पेरोलच्या कोणत्या आवृत्तीसाठी आणि पोर्टलवरचं बटण बदललेलं दिसलं तर कोणत्या अंतर्गत क्रमांकावर कळवायचं.